बोरसाळ, पहिल्या उद्दिष्टापुरती

सुग्रीव बीडच्या एका कॉलेजात अकरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होता, तेही तासिकेवर. तासिकेवरच्या प्राध्यापकाला पोरं 'सर' म्हणतात, शिपाई 'अहो' म्हणतो आणि ऑफिसातले क्लार्क काहीच म्हणत नाहीत. त्याचं लग्नाचं वय मागे पडलेलं आणि केसही त्याच दिशेनं निघालेले. आई जाऊन चार वर्षं झाली होती. आईसोबत आणखी एक गोष्ट गेली होती, ती म्हणजे बोरसाळीचा भात.

नेकनूरच्या पलीकडे डोंगराच्या घडीत त्यांचं एक खोलगट वावर होतं. आई त्यात बोरसाळ पेरायची. लावणीबिवणी काही नाही, ज्वारीसारखी सरळ पाभरीनं पेरायची. तो पाचवीत होता तेव्हा साळ निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या ऐन वेळी पावसानं जी दडी मारली ती महिनाभर. मूग वाळला, बाजरी वाळली, साळीची पानं सुरळी होऊन उभी राहिली आणि शेवटी दाणा भरला. पुढं सोयाबीन आलं आणि साळ वावराच्या एका कोपऱ्यापुरती उरली; आई गेल्यावर तीही गेली. पण त्या भाताचा वास सुग्रीवच्या नाकात मुक्कामाला राहिला. खानावळीत थाळी समोर आली की आधी तो भाताचा वास घ्यायचा. मालक म्हणायचा, "सर, शिळा न्हाई हो, आत्ताच उतरवलाय."

म्हणून विद्यापीठानं छोट्या संशोधनासाठी प्रस्ताव मागवले तेव्हा सुग्रीव विभागप्रमुख विजयमाला मॅडमच्या टेबलाला चिकटलाच. तासिकेवरच्या माणसाला स्वतःच्या नावानं प्रस्ताव देता येत नव्हता. नाव मॅडमचं आणि मेहनत सुग्रीवची, असं ठरलं. बालाघाटाच्या डोंगरातल्या बारा गावठी साळी गोळा करायच्या, त्यांचा सगळा जनुकसंच वाचून घ्यायचा आणि पाण्याचा ताण सोसण्याशी जोडलेले बदल त्यात कुठं दिसतात ते बघायचं, असा विषय. अकरा साळी उन्हाळ्यातच मिळाल्या होत्या. बारावी बोरसाळ, ती कुठंच नव्हती.

प्रस्तावाचा सगळा जीव एका परिच्छेदात असतो, तो म्हणजे उद्दिष्टांचा. तपासणारे तेवढाच नीट वाचतात, बाकीची पानं चाळतात. सुग्रीवनं तो आधी मराठीत लिहिला. सुरुवात अशी होती: 'भीषण दुष्काळातही तग धरणाऱ्या बोरसाळीतील दुष्काळ सोसणारे जनुक आम्ही शोधून काढू.'

मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. "तग धरते, हे कोणी मोजलं?"

"मी बघितलंय, मॅडम. पाचवीत असताना."

"पाचवीतला तुमचा डेटा जोडायचा का सोबत?" मॅडमनी वाक्यावर रेघ मारली. "आणि बारा नमुन्यांवर जनुक सापडत नसतं. संभाव्य बदलांची यादी निघते, तेवढंच म्हणा. सुग्रीव सर, हे उद्दिष्ट नाही, ही इच्छा आहे. दोन वर्षांत जे करून दाखवता येईल ते उद्दिष्ट."

मग दोघांनी मिळून तीन उद्दिष्टं बसवली. एक: बारा साळींचा जनुकसंच वाचून घेणं आणि प्रसिद्ध असलेल्या प्रमाण संचाशी ताडून फरक नोंदवणं. दोन: त्याच साळी कुंड्यांत, प्लास्टिकच्या छताखाली लावून निसवताना पाणी तोडणं आणि पाणी दिलेल्या कुंड्यांशी उताऱ्याची तुलना करणं. तीन: दोन्ही जुळवून पुढं तपासण्याजोग्या बदलांची छोटी यादी काढणं. मॅडमचा एकच हट्ट होता, दुसरं बिघडलं तरी पहिलं उभं राहिलं पाहिजे.

मुदतीला पाच दिवस उरले असताना कडूबाईचा फोन आला. ही सुग्रीवची आत्या, नेकनूरजवळच्या वस्तीवर शेळ्या राखणारी.

"सुग्रीवा, तुज्या आईची साळ गावली बग. मडक्यात होती, लिंबाच्या पाल्यात. ती जायच्या आदीची, चार-पाच वर्सं झाली आसतील."

सुग्रीव उभाच राहिला. "आत्या, हात लावू नको. रविवारी येतो. माझ्यासाठी ठेव सगळी."

रविवारी एसटीतून उतरून तो जवळजवळ पळत वस्तीवर गेला. आत्यानं पाणी दिलं, चहा दिला, केस गेल्याबद्दल चार शब्द दिले. मग आतून पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. सुग्रीवनं गाठ सोडली.

आत तांदूळ होता. बारीक, किंचित लालसर, एकेक दाणा निवडलेला.

"आत्या... साळ कुठाय?"

"ही काय! दोन दिस उखळात कांडली. हात बग माजे."

"सगळी?"

"मग! मूठभर ठिवून काय करू? टरफल शेळ्यास्नी घातलं." आत्या त्याच्याकडं बघून हसली. "आसं कावून बगतो? माहेरच्या पोराला कुनी साळ बांदून देतं व्हय? बिनआईचं लेकरू, तू तिथं उखळ कुठं हुडकनार? घरी गेला की रांदायचं आन् खायचं."

सुग्रीवच्या तोंडाशी 'बियाणं' हा शब्द आला आणि तिथंच थांबला. फोनवर त्यानं तो शब्द उच्चारलाच नव्हता. का उच्चारला नव्हता, हे त्याचं त्यालाच परतीच्या एसटीत कळलं. 'माझ्यासाठी ठेव' म्हणताना त्याच्या डोळ्यासमोर कुंडी नव्हतीच, ताट होतं. आत्यानं ते बरोबर ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मॅडमनी तांदूळ तळहातावर घेतला. "यातून डीएनए निघेल. कमी निघेल, तुटका निघेल, पण वाचता येईल. एकच दाणा कुटून घ्यायचा, गावठी साळीत दोन दाणे सारखे असतीलच असं नाही." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "पण कांडताना अंकुर निघून जातो, सर. हे उगवणार नाही."

"म्हणजे फक्त पहिल्या उद्दिष्टात."

"फक्त पहिल्या."

म्हणजे बोरसाळ वाचली जाणार होती, पेरली जाणार नव्हती. सुग्रीवनं प्रयोगशाळेतली पांढरी थाळी घेतली आणि तांदूळ पुन्हा निवडायला बसला. उखळात कांडलेल्या तांदळात एखाद-दुसरा दाणा टरफलासकट सुटतोच. आत्याची नजर शेळी चुकवत नाही तशी साळही चुकवत नाही, तरी दुपारपर्यंत तीन दाणे सापडले. त्यानं ओल्या टीपकागदात ते गुंडाळले आणि खिडकीत ठेवले.

मॅडम बघत होत्या. म्हणाल्या, "दुसऱ्या उद्दिष्टात घालू या का एक ओळ? 'उगवण झाल्यास बोरसाळीचाही समावेश करू.'"

सुग्रीवनं कीबोर्डवर बोटं ठेवली. ओळ लिहिली, एकदा वाचली आणि खोडली.

"ही इच्छा आहे, मॅडम."

मग दुसऱ्या उद्दिष्टात बाराच्या जागी अकरा केलं आणि खाली लिहिलं: 'बोरसाळ केवळ पहिल्या उद्दिष्टात, जिवंत बियाणे उपलब्ध नाही.' परिच्छेद एकदम घट्ट झाला, कुठंच पाणी झिरपणार नाही असा. प्रस्ताव चार वाजता गेला.

आठव्या दिवशी आत्याचा फोन आला. सुग्रीव खिडकीशीच उभा होता.

"रांदला का रं भात?"

तांदूळ कपाटात होता, नमुन्याची चिठ्ठी लावलेल्या बरणीत, जसाच्या तसा.

"रांधला, आत्या."

"वास आला का, आईच्या हातचा?"

"लई आला."

फोन ठेवून त्यानं टीपकागद उघडला. दोन दाण्यांवर बुरशी धरली होती. तिसरा तसाच होता, फुगलेला, मिटलेला. सुग्रीवनं कागदावर पाणी शिंपडलं, पुन्हा घडी घातली आणि तासाला निघून गेला.