ओळखीची दोन माणसं

बीडला कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. नव्या मशीनसाठी बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा फॉर्मवर ओळखीच्या दोन माणसांची नावं मागितली होती. पोरीची सोयरीक नुकतीच लिंबागणेशला ठरलेली. मी ऐटीत होणाऱ्या व्याह्यांचं नाव अन् मोबाइल नंबर लिहून दिला. काय गरज होती बे तुला? मोठा सोयरा मिरवायची हौस, दुसरं काय!

पुढं बायकोचं ऑपरेशन निघालं अन् तीन हप्ते थकले. मग वसुलीवाले सुरू झाले. सकाळी सहापासून फोनवर फोन. एक दिवस दोघं घरीच आले अन् सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. ओळखपत्र न्हाई, बँकेची चिठ्ठी न्हाई. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. पैसे आपण थकवले, तर शिव्याही आपल्याच, असंच मला वाटायचं.

दुकानात आलेल्या एका वकीलबाईंनी असा एक फोन ऐकला. भडकल्याच त्या. "काका, कर्ज फेडावंच लागंल. पण म्हणून कुणी छळायचं न्हाई. रिझर्व्ह बँकेचे नियम हायत. एजंटाजवळ ओळखपत्र अन् बँकेचं अधिकारपत्र पाहिजे. सकाळी आठच्या आत, संध्याकाळी सातनंतर फोन न्हाई. चारचौघांत अपमान न्हाई, नातेवाइकांना त्रास न्हाई. एजंट चुकला तर बँक जबाबदार. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. महिन्यात उत्तर न्हाई आलं, तर बँकिंग लोकपालाकडं जाऊ."

अर्ज त्यांनीच लिहिला. पोचेवर शिक्का पडला, त्या दिवशी लई दिवसांनी पोटभर जेवलो.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन. चार दिवस वसुलीवाले त्यांनाच फोन करत होते, तुमी जामीन हायत, तुमी भरा म्हणून. "मला न विचारता जामीन ठेवलं? कामून?" ते कडाडले. मी परोपरीनं सांगितलं, जामीन न्हाई हो, नुसती ओळख दिली, तुमची सही तरी हाय का कुठं? त्यांनी फोन ठेवला अन् दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडल्याचा निरोप आला.

वकीलबाईंनी व्याह्यांना गेलेल्या फोनांचीही तक्रार बँकेत जोडून दिली. वीस दिवसांनी बँकेचं पत्र आलं. दिलगिरी होती. त्या वसुली एजन्सीचं काम काढून घेतलं होतं, हप्त्यांना मुदत दिली होती. ओळखीसाठी नाव दिलेल्या व्यक्तीवर कर्जाची कसलीही जबाबदारी नाही, हेही स्पष्ट लिहिलं होतं. आमी जिंकलो होतो! मी मिळेल त्या जीपनं लिंबागणेश गाठलं.

व्याह्यांनी पत्र दोनदा वाचलं. "तुमचं खरं हाय," ते म्हणाले. "पण पोराचं परवाच माजलगावला ठरलं." मग चहा आला. मी तो पिऊन निघालो. आजही त्या चहाचा मला संताप येतो.

घरी पोरीनं पत्र मागून घेतलं. उभ्या उभ्या शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

"आबा, ह्यात माझ्याबद्दल काई लिवलंय का?"

"न्हाई," मी म्हणालो.