धोंड्याआधी संपवायची टाकी

अधिक महिन्यात नव्या जावयाला धोंड्याचं जेवण घालतात. नात चैत्रात शिक्रापूरला दिली, तेव्हा पहिला मान आमचा. रविवार ठरला. जावई, व्याही, विहीणबाई असे तिघं नातीबरोबर आमच्या गावी, राहूला, येणार होते. घरातल्या कुणालाच जेवणाची काळजी नव्हती. काळजी होती ती गॅसची.

आमच्याकडे टाकी एकच. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही. गाडी गावात मंगळवारी आणि शुक्रवारी येते, आणि दोन दिवस आधी नंबर लावावा लागतो. नंबर लागतो मुलाच्या मोबाइलवरून, टाकी घेताना सांगायचा आकडाही त्याच्याच मोबाइलवर येतो. म्हणजे स्वयंपाक आम्ही करायचा आणि गॅस कधी संपणार हे त्यानं ठरवायचं.

त्यानं मागच्या पाच टाक्यांच्या तारखा मोबाइलमध्ये काढल्या. एक्केचाळीस दिवस, त्रेचाळीस, बेचाळीस, चाळीस आणि शेवटची एकोणतीस.

"सरासरी एकोणचाळीस," तो म्हणाला. "रविवारी तिसावा दिवस हाय. नऊ दिवसांचा गॅस शिल्लक असताना टाकी परत देऊ व्हय?"

मी चौथी शिकलेली. सरासरी मला येत नाही, पण चूल येते. पहिल्या चार टाक्यांच्या वेळी भाकरी परसातल्या चुलीवर व्हायची. लग्नाला पाहुणे येणार म्हणून यानं परसात फरशी घातली आणि चूल काढून टाकली. तेव्हापासून भाकरीही गॅसवर.

"तुझ्या त्या चार टाक्या चूल असलेल्या घराच्या," मी म्हटलं. "आताच्या घराची एकच, एकोणतीस दिवसांची. म्हंजी शनिवारी संपणार. नंबर लाव."

"आये, एका टाकीवरनं हिशोब करत न्हाईत."

सून पोळी लाटत होती. ती म्हणाली, "मग कशावरनं करत्यात? चूल मोडायच्या आधी इचारलं होतं का मोबाइलला?"

तो उठून गेला. गॅस संपल्याशिवाय नंबर लावायचा नाही, ही त्याची अट. मग मी ठरवलं, बुधवारपर्यंत टाकी संपवायची. संपली की झक मारत नंबर लावेल आणि शुक्रवारी नवी येईल.

सोमवारी हरभरे शिजवले, थालीपिठाची भाजणी भाजली. मंगळवारी वर्षाचा मसाला. रोज थंड पाण्यानं अंघोळ करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्याला तीन दिवस कढत पाणी दिलं. तो म्हणाला, "आज काय हाय? मला बघायला येणार हायत का कुणी?" बुधवारी करायला काही उरलं नाही, तेव्हा नुसतंच पाणी उकळलं आणि मोरीत ओतलं. सून बघत होती. तिनं आणखी मोठं पातेलं काढून दिलं.

टाकी संपली नाही. गुरुवारी सकाळी मुलानं चहा घेताना जाळाकडं बोट केलं. "सत्ताविसावा दिवस, आये. बघ कसा निळा पेटलाय."

शुक्रवारची गाडी आमच्या दारावरून पुढं गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकोणतीस दिवसांची ती टाकी लग्नाच्या महिन्यातली. घरात रोज बारा-पंधरा माणसं चहा ढोसत होती. आता आम्ही चौघंच, नातही सासरी गेलेली. मी तिच्याच सासरच्यांना जेवायला बोलावलं होतं आणि हिशोबात तिला अजून घरीच जेवायला घालत होते. माझ्या अंदाजानं ही टाकी नीट वापरली असती तर पस्तीस दिवस गेली असती. पण पाच दिवसांचा गॅस मी मोरीत घातला होता.

शनिवारी तेहतीस अनारसे तळून झाले. रविवारी पुरण शिजलं, धोंडे वाफवायला ठेवले, पाहुणे ओट्यावर येऊन बसले आणि जाळ पिवळा होऊन गेला. मुलानं टाकी हलवली, आडवी केली, मोबाइल काढून बघितला. मोबाइलमध्ये नऊ दिवस होते.

विहीणबाई आत डोकावल्या. "आमच्याकडं दोन टाक्या हायत," त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं.

ज्याला पाटावर बसवून ओवाळायचं तो जावई नव्या पँटीत मोटरसायकल काढून शेजारच्या वस्तीवर गेला आणि अजून चुलीवर रांधणाऱ्या आमच्या जावेची टाकी मागून आणली. अडीच वाजता पानं वाढली. धोंडे मधे कच्चे राहिले होते. व्याह्यांनी चांगले झालेत म्हणत दोन खाल्ले, यावरून माणूस खोटं किती सहज बोलतो ते कळलं.

संध्याकाळी मुलानं मोबाइलमध्ये तीस दिवस लिहिले. "आता सरासरी साडेसदतीस झाली," तो म्हणाला. "तू म्हणत होतीस ते थोडं खरं होतं, आये."

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला म्हटलं, "मग लिहून ठेव नीट." मोरीत किती गेलं ते सांगितलं असतं तर तो बरोबर हिशोब करायला बसला असता, आणि मला रात्रीची भांडी घासायची होती.