नव्याआधी दिलेली तारीख

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी मूल या तालुक्याच्या गावातल्या एका लहान शेतकरी उत्पादक कंपनीत रुजू झाले, तेव्हा प्रत्येक गोष्ट मोजता येते असा माझा ठाम समज होता. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील एका गावातल्या महिला गटाचा हातसडीचा तांदूळ आम्ही त्या वर्षी प्रथमच पुण्या-हैदराबादच्या ग्राहकांना थेट पाठवणार होतो. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कधी कापला जाईल, दाण्यातला ओलावा किती दिवसांत उतरेल, उखळात सडायला किती दिवस लागतील, हे सारे मांडून मी दिवाळीच्या चार दिवस आधी तांदूळ पोहोचवण्याची तारीख जाहीर केली. नोंदणी भराभर झाली. ग्राहक टिकले नाहीत, तर धान पूर्वीप्रमाणे गिरणीच्या व्यापाऱ्याकडे जाणार आणि सडण्याचे काम बायकांच्या हातून सुटणार, एवढे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

धान वेळेवर कापला गेला. यंत्रावर मोजला तेव्हा ओलावाही माझ्या हिशोबाप्रमाणे उतरला होता. पण मुसळे हलली नाहीत. त्या गावात 'नवा', म्हणजे नव्या धानाची पूजा, झाल्याशिवाय नवा तांदूळ कुणी सडत नाही, खात नाही. पूजेचा दिवस गावचा भुमक, म्हणजे पुजारी, ठरवतो. त्याच आठवड्यात भुमकाची आई वारली आणि तिचे दिवसकार्य होईपर्यंत पूजा पुढे गेली.

व्यवस्थापकांनी मला ग्राहकांना क्षमायाचनेचा ई-मेल लिहायला सांगितले: वर मराठी, खाली इंग्रजी. "मराठीत वाहतुकीची अडचण लिहा, इंग्रजीत पुरवठादारांकडून विलंब लिहा," ते म्हणाले. "इंग्रजी वाचणाऱ्यांना कुणाचा तरी दोष लागतो, मराठी वाचणाऱ्यांना नुसती अडचण पुरते." मी तसा मसुदा केला. भाषा नेटकी होती: 'अपरिहार्य कारणास्तव', 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व'.

पाठवण्याआधी नवी तारीख विचारायला मी गावात गेले. गटाची अध्यक्ष मावशी भुमकाच्याच घरून, मातीच्या भेटीला, सांत्वनासाठी, बसून, परतली होती. मोबाइलवरचा मसुदा पाहून म्हणाली, "वाचून दाखव."

मी मराठी भाग वाचला.

"गाडी तं आलीच नाई. मंग अडली कुठी?"

मी पडदा खाली सरकवला.

"अना खालच्या इंग्रजीत काय लिवलं?"

मी अर्थ सांगितला. तिने पदर सावरला. आवाज चढवला नाही.

"आमी उशीर केला म्हनते? नव्याआधी कोनाच्या घरी नवा तांदूर शिजते वो बाई? तारीख तू कोनाले इचारून देली?"

"कुणालाच नाही, मावशी."

"मंग तेच लिव ना. यंत्रानं धान पायला, मानसायले पुसलं नाई."

शेजारची एक बाई हसली; मावशी हसली नाही. "म्हातारीच्या मातीवर खोटं नोको चढवू," एवढेच म्हणाली. मग भुमकाकडे निरोप धाडून तिने पूजेचा दिवस मला मिळवून दिला, आणि सडायला लागणारे दिवस स्वतः मोजून त्यात दोन अधिक धरले.

मूलला परतून मी मसुदा पुसला. आधी मराठी लिहिले: 'नमस्कार. आपला तांदूळ दिवाळीपूर्वी पोहोचणार नाही. नव्या धानाची पूजा झाल्यावरच या गावात तांदूळ सडला जातो. गावातील एका ज्येष्ठ स्त्रीच्या निधनामुळे ही पूजा पुढे गेली आहे. गावाला न विचारता तारीख मी जाहीर केली; ही चूक माझी आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते.' त्याखाली नवी तारीख, थांबायचे की पूर्ण रक्कम परत घ्यायची याची निवड, आणि माझा दूरध्वनी क्रमांक. मग इंग्रजीत तेच, वाक्यागणिक ताडून. इंग्रजीत 'मी'च्या जागी 'आम्ही' लिहायचा मोह दोनदा झाला, दोनदा खोडला. विषयाच्या ओळीतही दोन्ही भाषांत विलंब आणि नवी तारीख स्पष्ट घातली.

व्यवस्थापकांनी ते दोनदा वाचले. "असे कोणी लिहीत नाही," ते म्हणाले. मी म्हणाले, "दोन्ही भाषा वाचणारे पुष्कळ आहेत, सर. दोन कारणे दिसली तर एकही खरे वाटणार नाही." ग्राहकांचे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत असे पाठवा, एवढे बजावून ते उठले.

उत्तरे दोन दिवस येत राहिली. सुमारे एक तृतीयांश ग्राहकांनी नोंदणी रद्द केली. एकीने लिहिले की दिवाळीच्या फराळाला तांदूळ हवा होता, नंतर त्याचा उपयोग नाही. तिची रक्कम परत पाठवताना मी पुन्हा क्षमा मागितली. उरलेले थांबले. रद्द झालेल्या वाट्याचा धान व्यापाऱ्याच्या ट्रॅक्टरवर चढला, तेव्हा बायकांनी पोती मोजून दिली.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उखळे सुरू झाली. मावशीने विचारले, "थांबले ते किती?" मी आकडा सांगितला. तिने तो शेजारणीला सांगितला, शेजारणीने पुढच्या घरी. मग मुसळ उचलत ती म्हणाली, "तेवढ्यायचा आधी सडू, घरचा मंग."