पांघरुणाबाहेरचे पाय

होमिओपॅथीच्या कॉलेजात मटेरिया मेडिकाच्या, म्हणजे औषधांच्या लक्षणांच्या, तोंडी परीक्षेत मी एकदा नापास झाले होते. ब्रायोनिया आणि रस टॉक्स या दोन औषधांतला फरक विचारला आणि माझी गाडी घसरली. ब्रायोनियाच्या रोग्याला जरासं हललं तरी दुखतं, तो निपचित पडून राहतो. रस टॉक्सच्या रोग्याला उठताना दुखतं, पण चालत राहिलं की मोकळं वाटतं. हे मला झोपेतही सांगता आलं असतं. तिथे मात्र एकाची लक्षणं दुसऱ्याच्या नावावर गेली.

दुसऱ्या खेपेला मी सुकापूरच्या भाड्याच्या खोलीत भिंतभर कागद चिकटवले. एका औषधासमोर त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं. खोलीतली मैत्रीण म्हणायची, "अगं, ही काय औषधं आहेत की जुळे भाऊ?" मला हसू यायचं नाही. या वेळीही नापास झाले असते, तर इंटर्नशिप आणखी लांबली असती.

परीक्षेत तपासायला मला मिळालेली रुग्ण करंज्याच्या बंदरावरची होती. मासळी विकणारी, पन्नाशीची बाई. नवीन पनवेलला भाचीकडे राहून कॉलेजच्या हॉस्पिटलात येत होती. दोन्ही पाय दुखत होते, घोटे सुजलेले. मी कागद पुढे ओढला.

"मावशी, कधीपासून दुखतंय?"

"तुमी सगल्या पोरी ह्योच इचारता. पावसालीपासून."

पावसाळा, ओलं काम, सांधे. हात आपोआप रस टॉक्स लिहायला निघाला. शेजारच्या कॉटवरचा रुग्ण तपासणाऱ्या मुलानेही मान तिरकी करून ओठांनीच तेच नाव सुचवलं. मी 'र' लिहिला आणि थांबले. चालल्यावर बरं वाटतं का, हे मी अजून विचारलंच नव्हतं. आणि तसंच विचारलं असतं, तर ती 'हो' म्हणून मोकळी झाली असती. तिला कंटाळा आला होता.

"कशाने कमी-जास्त होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा ना," मी म्हटलं.

ती भाचीच्या शोधात दाराकडे बघू लागली. पर्यवेक्षकांनी वेळ संपत आल्याचं सांगितलं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. तिने शाल गळ्यापर्यंत ओढली होती, अंग आखडून बसली होती, पण पाय मात्र चादरीबाहेर लादीवर टेकवलेले.

"मावशी, थंडी वाजते ना? मग पाय उघडे का?"

"पायावर पांघरून नाय सहन होत. रातच्याला तर जीव जातो. मंग मी बालदीत पानी घेते, बरफ टाकते नि पाय बुडवते. तवा कुठं डोला लागतो."

"आधी कुठे दुखायला लागलं?"

"अंगठ्याला. मंग घोटा. आता गुडघ्याला चढलंय."

मी पावलाला हात लावला. थंडगार होतं. 'र' खोडला आणि लिहिलं: लेडम. खालून वर चढणारं, गारव्याने कमी होणारं दुखणं.

आतल्या खोलीत बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम आणि आमच्याच कॉलेजचे सर बसले होते. मॅडमनी माझा कागद पाहिला. खोडलेल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"आधी रस टॉक्स लिहीत होतीस. सोडलंस का? ओल्यात काम करणारी बाई आहे."

"रस टॉक्सला शेकानं बरं वाटतं, मॅडम. हिला शेक नको, बर्फ हवा."

"मग पल्सेटिला दे. पल्सेटिलाच्या रोग्यालाही उष्णता नको असते."

मागच्या वर्षी मी इथेच कोसळले होते. "पल्सेटिलाचं दुखणं जागा बदलत फिरतं," मी सावकाश म्हटलं. "हिचं खालून वर चढलंय. आणि पल्सेटिलाच्या रोग्याला मोकळी हवा लागते. ही शाल सोडत नाही."

"एपिस? सूज आहे, गारव्याने बरं वाटतं."

"एपिसमध्ये डंख मारल्यासारखं दुखतं, जळजळ असते. हिने तसं काही सांगितलं नाही. आणि एपिसचा रोगी सगळीकडूनच गरम. ही अंगाने थंड, पायही थंड, तरी पायाला ऊब चालत नाही."

"बर्फाचं तू सुचवलंस की तिने सांगितलं?"

"तिने सांगितलं. मी फक्त पाय उघडे का, एवढंच विचारलं."

मॅडमनी कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मला वाटलं, या वेळीही गेलं.

"औषध लिहिण्याआधी काय करशील?"

"रक्तातलं युरिक अ‍ॅसिड तपासायला पाठवीन. अंगठ्यापासून सुरुवात आहे, गाउट असू शकतो."

"जा," मॅडम म्हणाल्या. चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही.

बाहेर आले. जिन्याचा कठडा धरून उभी राहिले. थोड्या वेळाने मावशी भाचीचा हात धरून हळूहळू आल्या. मला पाहून थांबल्या.

"काय गं बाय, रडतेस का? पास नाय केला का तुला?"

"अजून सांगितलं नाही."

"मना रक्त द्यायला पाठवलंय. म्हनं, तुज्या कागदावर त्या म्याडमनी लिवलंय."

महिन्याभराने निकाल लागला. मी पास झाले, काठावर. मावशींचं पुढे काय झालं, ते मात्र कळलं नाही. त्या परत कधी माझ्या ओपीडीच्या दिवशी आल्या नाहीत.