हरकत घेणारं माणूस

आनंदीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी सगळ्या वाघोलीत ख्याती. त्यामुळे माघातल्या त्या मंगळवारी सकाळी दहापासून त्या गप्प आहेत, हे कुणी पाहिलं असतं तर बाईंना ताप आला असंच म्हटलं असतं. पण पाहणार कोण? लेक मैना कामावर गेलेली. घरात आनंदीबाई आणि समोर डब्याला टेकून उभा केलेला मोबाईल. त्या मोबाईलमधून एक खाकी वर्दी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

वर्दीतला माणूस म्हणाला होता की त्यांच्या आधार कार्डावर कुणीतरी सिम घेतलंय, त्यावरून काळ्या पैशाचे व्यवहार झालेत आणि त्यांच्या नावानं अटकेचा हुकूम निघालाय. भाषा निम्मी हिंदी, निम्मी मराठी, पण आवाज चोख साहेबाचा. पाठीमागे झेंडा, टेबलावर फायली. घराबाहेर जायचं नाही, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाला चकार शब्द सांगायचा नाही. हे सरकारी गुपित आहे, लेकीला सांगितलंत तर तिचंही नाव केसमध्ये जाईल. सुटकेचा मार्ग एकच. ठेवीचे पैसे आज संध्याकाळी पाचच्या आत सरकारच्या तपासणी खात्यात भरायचे, तपासून दोन तासांत परत मिळतील.

ठेव बावीस लाखांची. जमीन बिल्डरला गेली तेव्हा बाईंनी आपल्या वाट्यातून ती बाजूला काढली होती, ती मैनासाठी. मैना सासरचा जाच सोसून माहेरी परत आलेली. तिच्या नावचं एक छोटं घर व्हावं, कुणाच्या उंबऱ्यावर तिला पुन्हा उभं राहावं लागू नये, एवढाच त्या पैशाचा अर्थ होता. पैसे गेले तर लेकीचं घर गेलं. आणि भरले नाहीत तर लेकीच्या हातात बेड्या. बाईंना बसवेना, उठवेना. सकाळचा चहा तसाच थंड होऊन त्यावर साय धरली.

दुपारी अडीचला साहेबानं बँकेत जायची परवानगी दिली. फोन चालूच ठेवून पिशवीत घालायचा, म्हणजे त्याला ऐकू येईल. बँकेत कुणी विचारलं तर घर घ्यायचंय म्हणून सांगायचं. नगर रस्त्यावरच्या शाखेत रांग होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या आणि पिशवीतून दर पाच मिनिटांनी आवाज येई, किती वेळ, किती वेळ. सरकारी माणसाला इतकी घाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

आणि बाईंनी सरकार बरंच पाहिलं होतं. नवरा गेला तेव्हा सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. तलाठ्यानं नोटीस लावली आणि सांगितलं की पंधरा दिवस थांबा, कुणाची हरकत असेल तर येऊ द्या. चौदाव्या दिवशी हरकत आली. थोरल्या जावेची, सोजरबाईची, बांधालगतच्या दोन गुंठ्यांवरून. पुढं मंडळ अधिकाऱ्यापुढं आठ महिने तारखा. नोंद अखेर झाली, पण दोघी जावा नऊ वर्षं बोलल्या नाहीत. बिल्डरनं एकाच आवारात फ्लॅट दिले तर तेही दोघींनी दोन वेगळ्या इमारतींत मागून घेतले. त्या पंधरा दिवसांना बाईंनी किती शिव्या घातल्या असतील, गणती नाही.

रांगेत उभं राहून त्यांना तेच दिवस आठवले. दोन गुंठ्यांसाठी जे सरकार गावभर नोटीस लावून पंधरा दिवस हरकतीची वाट बघतं, ते बावीस लाखांसाठी पाच वाजायच्या आत, आणि कुणाच्या कानावर न जाऊ देता, कसं काय? खरं काम चारचौघांत होतं. ज्याला हरकत नको असते, तोच म्हणतो की कुणाला सांगू नका. डोकं एवढं सांगत होतं, तरी वर्दी खोटी असेलच याची खात्री कुठं होती?

बाई रांगेतून बाहेर पडल्या. पिशवीतून फोन काढून म्हणाल्या, "साहेब, आज जमायचं न्हाई. उद्या बघू."

साहेब खवळला. मग पोलिसांची गाडी निघालीय म्हणाला. मग एकदम आई म्हणून विनवायला लागला. बाईंनी फोन बंद केला आणि घराची वाट धरली.

पाच वाजले. बाई गॅलरीतून फाटकाकडे बघत राहिल्या. साडेपाच, सहा. गाडी आली ती पाण्याच्या टँकरची. सातला फोन उघडला तर अठ्ठावीस कॉल येऊन गेलेले आणि एक निरोप, की खास बाब म्हणून उद्या अकरापर्यंत मुदत वाढवली आहे. अटकेच्या हुकमालाही मुदतवाढ! मैना आली, जेवली, झोपली. बाईंनी तिला काही सांगितलं नाही. केसमध्ये तिचं नाव जाण्याची धास्ती अजून गेली नव्हती.

सकाळी मात्र राहवेना. कुणालातरी विचारायलाच हवं होतं, आणि गोड बोलून धीर देणारं माणूस नको होतं. तोंडावर हरकत घेणारं हवं होतं. असं माणूस त्यांच्या ओळखीत एकच होतं. बाई चपला घालून समोरच्या इमारतीत गेल्या आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सोजरबाईचं दार वाजवलं.

सोजरबाईनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाली. आनंदीबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सोजरबाईनं एकच विचारलं, पैसे ज्यात भरायचे ते खातं कुणाच्या नावावर आहे? कालच्या निरोपाखाली खात्याचा तपशील होता, त्यात पाहिलं तर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव.

"सरकार काय भुसाराचं दुकान काढून बसलंय व्हय?" सोजरबाई म्हणाली. "फोनवर अटक कायद्यात न्हाईच, आनंदे. एक पैसा भरू नको. फोनवरच्या फसवणुकीचा सरकारी नंबर हाय, एकोणीसशे तीस, त्यो लाव आत्ता."

फोन लावला, तक्रार सांगून झाली. तेव्हा कुठं आनंदीबाई खाली बसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. सोजरबाईला हे इतकं सगळं तोंडपाठ कसं?

सोजरबाईनं उठून दार लोटून घेतलं.

"दिवाळीच्या आधी माझे नऊ लाख गेले," ती म्हणाली. "असाच साहेब. दोन तासांत भर म्हणला. नंबर माहीत झाला तवर तीन म्हैने उलटून गेलते. लाजेनं कुणाला बोलले न्हाई."

"आक्का, कुणाला तरी इचारायचं."

"पैसे भरायच्या आदी तुझ्याकडंच आले व्हते गं. तुझ्या जिन्याच्या दुसऱ्या मजल्यापतोर. मग मागं फिरले."

आनंदीबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. सोजरबाईनं आणखी एक जिना चढून दार वाजवलं असतं, तर आपण ते उघडलं असतं का? त्यांनी मनाला पुन्हापुन्हा विचारलं, आणि मन हो म्हणेना.