उसाच्या रसावरून झालेलं भांडण

माझ्या काकाला तीन आजार होते आणि तिन्ही निरनिराळ्या खात्यांकडे सोपवलेले होते. पाठदुखी हाडांच्या डॉक्टरकडे, नवा मधुमेह साखरेच्या डॉक्टरकडे, आणि कावीळ खडवलीच्या माळवाल्याकडे. सरकारी कचेरीतसुद्धा कधीतरी एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर जाते. इथे तेवढंही होत नव्हतं.

पाठीबद्दल कुणाला शंका नव्हती. काकाने खोपट डेपोतून आयुष्यभर एसटी चालवलेली, पाठ दुखणारच. निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर ती अचानक का दुखायला लागली, हे विचारणं उद्धटपणाचं ठरलं असतं. आडवं झालं की दुखणं वाढायचं आणि पुढे वाकून बसलं की कमी व्हायचं. डोंबिवलीच्या त्या घरात तो पलंगाच्या कडेला ओणवा बसून असायचा. काकू म्हणायची, "स्टिअरिंग सुटत नाही अजून."

मधुमेहाचं तर कौतुकच झालं. घराण्यात कुणालाही नसलेली साखर त्याला साठीनंतर झाली आणि वजन भराभर उतरलं. सोसायटीतली माणसं त्याला थांबवून डाएट विचारू लागली. तो काहीच करत नव्हता, भूकच मेली होती. पण फुकट मिळालेल्या सडपातळपणाची चौकशी कोण करतो?

मग डोळे पिवळे झाले. पोटात अजिबात दुखत नव्हतं, त्यामुळे सगळे निश्चिंत झाले. दुखत नाही म्हणजे किरकोळ, हा आमच्या समाजाचा वैद्यकशास्त्राचा एकमेव ग्रंथ. माळवाल्याने काकाच्या डोक्यावर माळ ठेवली. ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळही उतरते म्हणे. असल्या माळांविरुद्धची पत्रकं वाटत मी लहानाचा मोठा झालो, पण घरात पत्रकाला रद्दीचा भाव असतो.

माळेसोबत पथ्य आलं: रोज उसाचा रस. आणि तिथे ठिणगी पडली. काकू ग्लास भरून आणायची, आणि साखरेच्या डॉक्टरची चिठ्ठी पाठ असलेली माझी चुलत बहीण तो मोरीत ओतायची.

"कावीळ वाढली तर तू जबाबदार."
"आणि साखर वाढली तर?"

शेवटी न्याय करायला आम्ही काकाला जुन्या फॅमिली डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. प्रश्न एवढाच होता: रस चालेल का? दोन आजार एका खोलीत आले ते केवळ त्या भांडणाच्या कृपेने.

बाईंनी रसाबद्दल ऐकूनच घेतलं नाही. काकाला विचारलं, "अंगाला खाज येते?" येत होती, रात्रभर. लघवी? कोऱ्या चहासारखी. मग त्या म्हणाल्या, "आणि संडासचा रंग?"

काकूने मान फिरवली. काका खालच्या आवाजात म्हणाला, "पांढुरका. मातीसारखा."

बाईंनी सगळं एका ओळीत मांडलं: न दुखणारी कावीळ, नवी साखर, उतरलेलं वजन, पाठ. पित्ताची वाट कुठेतरी दाबली गेली असावी. स्वादुपिंडात गाठ नाही ना, हे ताबडतोब बघायला हवं.

त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. खडा नव्हता, पित्तनलिका मात्र फुगलेली, पित्ताशयही. आणि खाली एक ओळ: गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. काकूचा चेहरा उजळला. शेवटी गॅसच निघाला! संध्याकाळी ओव्याची पुडी आली.

बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "दिसलं नाही म्हणजे नाही, असं होत नाही. सीटी करा."

सीटी म्हणजे शिरेत औषध सोडून, स्वादुपिंडासाठी खास वेळ साधून काढलेला. त्याआधी किडनीची रक्ततपासणी. ठाण्यातल्या एका ठिकाणी आधी पित्ताच्या वाटेत नळी टाकून पिवळेपणा घालवून देतो म्हणाले. तो घालवायची आम्हाला केवढी घाई! बाईंनी अडवलं: ताप नाही, तर आधी फोटो. नळीभोवती सूज आली की गाठ नीट दिसत नाही.

गाठ दिसली, स्वादुपिंडाच्या डोक्याशी. लहान होती, शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या, यकृत स्वच्छ. सर्जन म्हणाले, काढता येईल असं दिसतंय, पण आत गेल्याशिवाय शब्द देत नाही. कावीळ फार वाढलेली नव्हती, म्हणून नळी न टाकता सरळ ऑपरेशन ठरलं. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली असती, तर आधी दुर्बिणीतून सुईने तुकडा काढून तपासणी, मग केमो, असा लांबचा रस्ता होता.

ऑपरेशनला नेताना काकाने सर्जनला विचारलं, "साहेब, रसाचं काय ते कुणी सांगितलंच नाही."

गाठ निघाली. ती कॅन्सरचीच होती. केमो चालू आहे आणि पुढचं कुणालाच माहीत नाही. पिवळेपणा गेला त्याचं श्रेय काकू माळेला देते, खडवलीला नारळही पाठवलाय. मी वाद घालत नाही, असं म्हणायला आवडलं असतं. घालतो, रोज.

परवा तिच्याशी असाच वाद घालत आत गेलो, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. काका पलंगावर पाठ टेकून सरळ उताणा झोपला होता.