सत्काराचे बूट

नाशिकच्या कॉलेज रोडवर ब्रँडेड बुटांचं एक दुकान होतं, तिथे मी तक्रारींच्या काउंटरवर बसायचे. लोक फाटलेले बूट घेऊन यायचे आणि निम्मे आमचे नसायचेच. कुणी फुटपाथवरच्या गाड्यावर घेतलेले, कुणी इंटरनेटवरच्या नव्या बाजारातून मागवलेले. नकली आहेत म्हटलं की माझ्यावरच डोळे वटारायचे. काही वर्षांत अशी सवय झाली की समोरच्या माणसाचा चेहरा बघायच्या आधी मी त्याचे पाय बघत असे.

आम्ही इगतपुरीचे. वडील रेल्वेत, मी रोज ये-जा करणारी आणि धाकटी बहीण पळणारी. जिल्ह्यात तिचा पहिला नंबर आला आणि तालुक्यातल्या एका पुढाऱ्याने तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि बुटांचा खोका. साहेबांच्या पुतण्याने ते खास ऑनलाइन मागवले होते म्हणे. माईकवरून ब्रँडचं नाव तीनदा घेतलं गेलं. बहिणीच्या नावापेक्षा जास्तच.

घरी येऊन मी खोका उघडला आणि वासानेच डोकं उठलं. चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र दर्प. खोक्यावरचा मॉडेल नंबर एक, बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलावरचा दुसरा. डाव्या बुटावरची कंपनीची खूण इतकी खाली शिवलेली की तिचं शेपूट तळाला टेकलं होतं. उजव्याची जागच्या जागी. तळाच्या कडेने गोंद ओघळून वाळलेला. अंगठ्याने टाच दाबली, तर फोम दबेचना. आतला पातळ तळवा गोंदाने चिकटवलेला होता, तो ओढून काढला. आमच्या दुकानातल्या पळण्याच्या बुटांत त्याखाली कापड असतं, कडेने शिवलेलं. इथे पुठ्ठा होता. साधा, पिवळट पुठ्ठा.

"पाणी लागलं की हा फुगेल आणि तळ सुटेल," मी वडिलांना म्हणाले. "जुनेच घालू दे तिला."

निवड चाचणी श्रावणात होती. राज्याच्या संघात आली असती, तर तिला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नोकरीची आशा होती. घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

"चारचौघांत दिलेली वस्तू घरात ठेवायची नाय," वडील म्हणाले. "साहेब स्वतः बघाया येणार हायेत. पायात जुने दिसले तर काय वाटंल त्यांना?"

"अण्णा, हे बूटच नाहीत."

"तू दुकानात बसून लय शहाणी झाली."

बहिणीने तळवा परत बुटात सरकवला. वडिलांचा शब्द ती मोडत नसे. मला वडिलांचा राग आला होता, पण त्याहून जास्त राग त्या साहेबाचा आला. ज्याने दिलं, त्याचा मान राखायचा आणि जिने पळायचं, तिच्या पायांचं काय ते तिनेच बघायचं.

चाचणीच्या दिवशी मैदानात चिखल होता. साहेब छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते, फोटोग्राफरसकट. अर्ध्या अंतरापर्यंत ती दुसरी होती. मग डावं पाऊल जरा फाकून पडायला लागलं. पुठ्ठा भिजला होता. पुढच्या फेरीला डाव्या बुटाचा तळ बोटांपाशी उघडला आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजू लागला. तिने थांबून दोन्ही बूट काढले आणि ती अनवाणी पळाली. सहावी आली. संघात चौघी घेतल्या.

साहेब उठताना वडिलांना म्हणाले, "एवढे भारी बूट दिले, वापरता यायला पाहिजेत ना." वडिलांनी मान खाली घातली. त्यांच्यासमोर एवढा अपमान गिळणारा माझा बाप मला तेव्हा सहन होत नव्हता, आजही होत नाही.

घरी आल्यावर वडिलांनी ते बूट धुतले, चुलीशी वाळवले आणि स्वतः साहेबांच्या बंगल्यावर पोचवून आले. पोरीला जमलं नाही, माफी असावी, असं सांगून. बहिणीने त्यानंतर पळणं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. सकाळी उठून ती पाणी भरायला लागली, एवढंच.

दिवाळीनंतर एका स्थानिक पेपरात फोटो आला. तेच स्टेज, तेच साहेब आणि पेठ तालुक्याकडची एक बारकीशी पोरगी, हातात बूट धरलेली. लेसची जोडी नवी होती. पण डाव्या बुटाची खूण खाली घसरलेली, शेपूट तळाला टेकलेलं. बोटांपाशी चिकटवल्याची पांढरी रेघसुद्धा दिसत होती.

मी पेपर वडिलांपुढे ठेवला आणि खुणेवर बोट ठेवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग चष्मा काढून ठेवला.

बहीण मागून वाकून बघत होती. तिने बुटांकडे नाही, त्या पोरीकडे बघितलं.

"ताई," ती म्हणाली, "हिची चाचणी कधी आहे?"